पित्त सोनेरी होतं: एका रेसिडेंटला लिहिलेला ईमेल

दुर्बिणीतून पित्ताशय काढताना आमच्या युनिटमधल्या तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटच्या कात्रीने मुख्य पित्तनलिकेला छेद गेला. त्यानंतर मी त्याला एक ईमेल लिहिला. तो लिहिताना काय ठेवलं, काय खोडलं आणि का, ते इथे सांगते आहे. आपल्याकडे अशा वेळी वरिष्ठ एकतर ओटीत सगळ्यांसमोर ओरडतात, नाहीतर "होतं असं, जाऊ दे" म्हणून पाठीवर हात ठेवतात. दोन्हींतून शिकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. रुग्णाची, त्या मुलाची किंवा रुग्णालयाची ओळख पटेल असं काही इथे दिलेलं नाही.

आधी टेबलावर काय झालं ते. बाई चाळिशीतली, पित्ताशयात खडे, काही आठवड्यांपूर्वी पित्ताशयाला सूज येऊन ॲडमिट झालेली. सूज उतरल्यावर शस्त्रक्रियेसाठी परत आली होती. सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत जाड होती, मुख्य नलिका फुगलेली नव्हती, कावीळ नव्हती. पोटात दुर्बीण गेल्यावर दिसलं की पित्ताशयाचा खालचा फुगीर भाग, ज्याला आम्ही हार्टमन पाउच म्हणतो, तो आजूबाजूला घट्ट चिकटलेला आहे. सूज येऊन गेलेल्या पित्ताशयात हे नेहमी दिसतं. पोर्ट घालून होईपर्यंत आमचे लेक्चरर टेबलावर होते. मग अपघात विभागात पोटात भोसकलेला रुग्ण आला आणि त्यांना तिकडे जावं लागलं. मी शेजारच्या ओटीत थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत होते. टेबलावर तिसऱ्या वर्षाचा हा मुलगा आणि कॅमेरा धरायला दुसऱ्या वर्षाची मुलगी असे दोघंच राहिले.

पित्ताशयातून निघणारी बारीक नळी म्हणजे सिस्टिक डक्ट. ती जाऊन मुख्य पित्तनलिकेला मिळते. शस्त्रक्रियेत सिस्टिक डक्टवर क्लिप लावून ती कापायची आणि मुख्य नलिकेला हातही लावायचा नाही, इतकं सरळ हे काम आहे. अवघड भाग एकच: समोर दिसणारी नळी यांपैकी कोणती, हे ओळखणं. या बाईची सिस्टिक डक्ट आखूड होती आणि पाउचच्या मागे दडलेली होती. पाउच वरच्या दिशेने ओढला गेला की मुख्य नलिकाही त्याच्याबरोबर वर ताणली जाते आणि थेट पित्ताशयातून निघाल्यासारखी दिसते. त्या मुलाला ती सिस्टिक डक्ट वाटली. मग तिच्या आणि पाउचच्या मधला पांढुरका पापुद्रा कापणं त्याला सुरक्षित वाटलं. तो पापुद्रा मुख्य नलिकेच्या भिंतीचा भाग होता.

कात्री लागली आणि पित्त आलं. त्याने हात थांबवला, सक्शन मागितलं, बघितलं आणि सिस्टरला सांगितलं, "मॅडमना बोलवा. पित्त सोनेरी दिसतंय." मला हाच निरोप मिळाला, आणि तेवढ्यावरून काय झालं असणार ते मला कळलं. पित्ताशयात साठून राहिलेलं पित्त घट्ट, गडद हिरवट असतं. यकृतातून नुकतंच उतरणारं पित्त पातळ आणि सोनेरी-पिवळं असतं. सोनेरी पित्त दिसलं याचा अर्थ छिद्र पित्ताशयाला नाही, मुख्य नलिकेला आहे.

पुढचं थोडक्यात. थायरॉइडचं टेबल सहकाऱ्याकडे सोपवून मी तिकडे गेले. यकृत आणि पित्तनलिकांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एका तज्ज्ञांना फोन लावला आणि ते येईपर्यंत काहीही कापायचं नाही असं ठरवलं. ते आल्यावर बरगडीखाली छेद घेऊन पोट उघडलं. छिद्रातून लहान बाळांसाठी वापरतात तशी बारीक फीडिंग ट्यूब घालून डाय सोडला आणि सी-आर्म या एक्स-रे यंत्राखाली पाहिलं. यकृताच्या दोन्ही बाजूंच्या नलिका भरल्या, खाली आतड्यातही डाय उतरला. म्हणजे नलिका तुटलेली नव्हती, तिच्या एका बाजूच्या भिंतीत छिद्र होतं. कडा स्वच्छ होत्या, जळलेल्या नव्हत्या. ५-० च्या विरघळणाऱ्या दोऱ्याने ते शिवलं, पित्त बाहेर काढण्यासाठी नलिकेत टी-ट्यूब ठेवली, यकृताखाली ड्रेन ठेवला आणि पित्ताशय काढून पोट बंद केलं.

ओटीबाहेर मी त्याच्याशी फार बोलले नाही. बाई स्थिर आहे, तू बोलावलंस ते बरोबर केलंस, काहीतरी खाऊन घे, संध्याकाळी नातेवाइकांशी बोलताना माझ्यासोबत ये, एवढंच सांगितलं. माणूस धक्क्यात असताना त्याला समजावलेलं टिकत नाही, आणि रागाने बोललेलं मात्र शब्दाशब्दाने लक्षात राहतं. संध्याकाळी बाईच्या नवऱ्याला मी सगळं सांगितलं: नलिकेला इजा झाली, ती लगेच लक्षात आली, दुरुस्त केली, यामुळे मोठी जखम झाली आणि नळी काही आठवडे राहील, पुढे नलिका आकसण्याची शक्यता आहे म्हणून तपासण्या बराच काळ कराव्या लागतील. झाल्या प्रकाराबद्दल क्षमा मागितली. त्यांनी विचारलं, "कोणी केलं?" मी म्हटलं, "माझ्या युनिटने केलं, जबाबदारी माझी आहे." तो माझ्या शेजारी उभा होता. शिकणाऱ्या डॉक्टरने या बोलण्याच्या वेळी हजर असायला हवं असं माझं ठाम मत आहे. बोलण्याचं ओझं मात्र त्याच्यावर टाकू नये.

नंतरच्या दिवसांत तो बदललेला दिसला. राउंडच्या आधी आणि नंतर तो एकटाच जाऊन त्या बाईचा ड्रेन बघून यायचा. ओटीच्या यादीत पित्ताशय आलं की स्वतःची पाळी ज्युनिअरला देऊन टाकायचा आणि वॉर्डातली कामं अंगावर घ्यायचा. अल्बर्ट वू या अमेरिकन डॉक्टरांनी २००० साली अशा डॉक्टरला 'दुसरा बळी' म्हटलं होतं. पहिला बळी रुग्णच, हे विसरून चालत नाही. पण हातून इजा झालेला डॉक्टर एकटा पडला की त्याचा त्रास पुढच्या रुग्णांपर्यंत पोचतो. त्याच्याशी नीट बोलायला हवं होतं, आणि ते त्याला पुन्हा पुन्हा वाचता येईल अशा रूपात हवं होतं. म्हणून ईमेल.

पहिला मसुदा मी व्हिडिओ न बघता लिहिला. त्याची सुरुवात त्याच्या कौतुकाने होती, मध्ये चूक आणि शेवटी पुन्हा कौतुक. वाचल्यावर कळलं की हे कौतुक कोणत्याही रेसिडेंटला लागू पडलं असतं: मेहनती आहेस, रुग्णांशी चांगला वागतोस. शिकणाऱ्याला असं कौतुक लगेच ओळखू येतं. पुढे काहीतरी कडू येणार याची ती सूचना असते, म्हणून तो ते वाचतच नाही. त्या मसुद्यात "तू घाई केलीस" असंही एक वाक्य होतं. ते खरं आहे का हे बघायला मी शस्त्रक्रियेचा व्हिडिओ लावला.

घाई कुठेच नव्हती. मुलगा संथपणे काम करत होता. विजेवर चालणारा हुक नलिकांच्या जवळ जाताच त्याने वीज वापरणं थांबवून कात्री घेतली होती. छिद्राच्या कडा जळलेल्या नव्हत्या त्या म्हणूनच, आणि छिद्र शिवता आलं तेही म्हणूनच. विजेने झालेली इजा वरून लहान दिसते, पण आजूबाजूची भिंत दिवसेंदिवस मरत जाते आणि टाके धरत नाहीत. "घाई केलीस" हे वाक्य मी पाठवलं असतं तर त्याने पुढे अजून सावकाश काम केलं असतं आणि चुकीचीच नळी अजून काळजीपूर्वक मोकळी केली असती.

मग मी व्हिडिओ थांबवत, मागे नेत बघितला आणि वेळा टिपल्या. २२ व्या मिनिटापासून डाव्या हातातलं ग्रास्पर पाउचला उजवीकडे आणि खाली न ओढता सरळ वर, यकृताकडे ओढत होतं. तिथून पुढे दोन्ही नळ्या एका रेषेत आल्या, आणि त्या दोन नळ्या आणि यकृत यांच्या मधला त्रिकोण, ज्यात आम्ही काम करतो, तो बंद झाला. कॅमेरा जवळ गेला आणि परत मागे आलाच नाही. पित्ताशयाची मागची बाजू एकदाही उलटून पाहिली गेली नाही. ३१ मिनिटं ४० सेकंदांना कात्री लागली. ३१ मिनिटं ४८ सेकंदांना सगळी हत्यारं स्थिर होती.

हे टिपल्यावर ईमेलमध्ये काय लिहायचं ते मला कळलं. प्रामाणिकपणा आणि धीर यांचा तोल साधायचा म्हणजे एकात दुसऱ्याचं पाणी घालायचं, असं मला आधी वाटत होतं. प्रत्यक्षात दोन्ही त्याच व्हिडिओतून घ्यायचं होतं, तितक्याच नेमकेपणाने. २२ वं मिनिट जितकं खरं, तितकेच ते आठ सेकंदही खरे.

पाठवण्याआधी मी मसुदा आमच्या भूलतज्ज्ञ सरांना दाखवला. ते त्या दिवशी ओटीत होते. ते म्हणाले, "बाई कशी आहे हे तुम्ही शेवटी लिहिलंय. तो आधी तेच शोधेल. ते सापडेपर्यंत बाकी काही वाचणार नाही." मी ते वर घेतलं. रुग्णाचं नाव, आयपीडी नंबर, तारीख यांतलं काहीही ईमेलमध्ये ठेवलं नाही. शस्त्रक्रियेच्या नोंदीत नसलेली एकही घटनाही त्यात येऊ दिली नाही. नोंद एक सांगते आणि वरिष्ठांचं पत्र दुसरंच, असं होता कामा नये. आमचा कामाचा पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो, पण हा ईमेल मराठीत लिहिला, कारण ओटीत आम्ही मराठीतच बोलतो. त्याचं नाव गाळून तो इथे देते.

"बाई बऱ्या आहेत. ड्रेनमधून पित्त येणं थांबलं आहे, ताप नाही, आज त्या स्वतः चालत बाथरूमपर्यंत गेल्या. टी-ट्यूबमधून डाय सोडून फोटो काढू, तो नीट आला की पुढे सवडीने ट्यूब काढू. नलिका पुढे आकसू शकते. त्यासाठी त्यांचं रक्त आपण बराच काळ तपासत राहू. म्हणजे धोका संपला असं मी तुला सांगू शकत नाही, पण आज जे आहे ते चांगलं आहे.

मी व्हिडिओ पूर्ण बघितला. तूही बघ, पण एकटा बघू नकोस. शनिवारी दुपारी माझ्या खोलीत ये, दोघं मिळून बघू. तोपर्यंत मला काय दिसलं ते लिहिते.

तू मुख्य नलिकेला सिस्टिक डक्ट समजलास. ही चूक ३१ व्या मिनिटाला झाली नाही, २२ व्या मिनिटाला झाली. तिथे पाउच वर ओढला गेला आणि त्रिकोण बंद झाला. नंतरच्या नऊ मिनिटांत तुझ्या हाताने एकही वेडंवाकडं काम केलेलं नाही. हात उत्तम चालला होता, पण चुकीच्या नळीवर. २००३ साली अशा २५२ जखमांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ९७ टक्के जखमांच्या मुळाशी डोळ्यांची फसगत होती, हाताचं कौशल्य कमी पडल्याच्या अगदी थोड्या होत्या. एकदा मेंदूने ठरवलं की ही सिस्टिक डक्ट, की पुढे दिसणारं सगळं त्याला तसंच दिसतं. म्हणून 'माझा हात बरोबर नाही' असा निष्कर्ष तू काढला असशील तर तो चुकीचा आहे, आणि त्याने तुझा उपाय चुकेल.

क्रिटिकल व्ह्यू काय असतो हे तू परीक्षेत न अडखळता सांगशील. त्रिकोणातली चरबी आणि तंतू साफ, पित्ताशयाचा खालचा तिसरा भाग यकृतापासून सुटा, आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोनच रचना. स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये ही मांडणी केली ती याच फसगतीवर उपाय म्हणून. त्या दिवशी तिन्हींपैकी एकही अट पूर्ण झालेली नसताना तू कात्री घेतलीस. हे मी सौम्य करून सांगणार नाही, कारण तुझ्या पुढच्या प्रत्येक रुग्णाच्या दृष्टीने हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. पाउच चिकटलेला दिसला तेव्हाच मला किंवा लेक्चररना निरोप पाठवायला हवा होता.

लेक्चरर गेल्यावर काम कुठे थांबवायचं याचा नियम युनिटमध्ये नव्हता. तो तू ठरवायचा नव्हता. तो भाग युनिटचा आहे आणि आम्ही तो दुरुस्त करतो आहोत. तुझ्या खात्यात तो धरू नकोस.

आता ३१:४० ते ३१:४८. पित्त दिसल्यावर रेसिडेंट काय करतात ते मी अनेक वर्षं बघते आहे. क्लिप मागतात. रक्त दिसलं की पकडायचं ही सवय असते, पित्त दिसलं तरी हात तेच करतो. त्या जागी आंधळेपणाने एक क्लिप लागली असती तर नलिका पूर्ण बंद झाली असती, बाजूची उजवी धमनीही गेली असती, आणि आज त्या बाईंना आतडं वर आणून यकृताच्या नलिकेला जोडण्याची शस्त्रक्रिया लागली असती. तू काहीही लावलं नाहीस, काहीही जाळलं नाहीस. पित्ताचा रंग बघितलास, त्याचा अर्थ ओळखलास आणि तो ज्युनिअरसमोर, सिस्टरसमोर मोठ्याने बोललास. अशा बऱ्याच जखमा टेबलावर लक्षातच येत नाहीत. तीन-चार दिवसांनी रुग्ण फुगलेलं पोट आणि ताप घेऊन परत येतो. त्या बाई आज चालतायत त्याचं एक कारण ते आठ सेकंद आहेत. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. व्हिडिओत आहे म्हणून लिहिते.

चार्ल्स बॉस्क या समाजशास्त्रज्ञाने सर्जन कसे घडतात ते जवळून पाहिलं होतं. त्याला दिसलं की हाताची किंवा अंदाजाची चूक वरिष्ठ माफ करतात, लपवलेली चूक करत नाहीत. माझंही तसंच आहे. तू काही लपवलं नाहीस. माझा तुझ्यावरचा विश्वास होता तिथेच आहे.

पुढच्या मंगळवारी यादीत एक साधं पित्ताशय आहे, सूज न आलेलं. ते तू करशील, मी असिस्ट करेन. पाळी कोणाला देऊ नकोस. झोप लागत नसेल, जेवण जात नसेल तर मला सांग. ते सांगणं म्हणजे कमजोरी नाही, आणि त्यासाठी कोणाकडे जायचं तेही मी सांगेन."

या ईमेलमधून काढून टाकलेल्या वाक्यांबद्दल थोडं. "हे प्रत्येकाच्या हातून होतं" हे मी खोडलं, कारण ते खरं नाही. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना मुख्य नलिकेला इजा होण्याचं प्रमाण हजारात साधारण तीन ते पाच सांगितलं जातं. कित्येक सर्जनांच्या हातून ती आयुष्यभरात होत नाही, हे त्या मुलालाही माहीत असतं. खोटा दिलासा दिला की त्याच्या शेजारचं खरं वाक्यही संशयास्पद होतं. "मी तिथे असते तर" हे वाक्य खोडलं, त्याचा त्याला काही उपयोग नव्हता. "काळजीपूर्वक काम कर" हेही खोडलं. तो काळजीपूर्वकच करत होता.

त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, दोन-तीन ओळींचं. आभार वगैरे काही नव्हतं, आणि ते मला आवडलं. त्याने लिहिलं होतं, "मॅडम, २२ व्या मिनिटाला मला शंका आली होती का हे मी आठवून बघितलं. आली नव्हती. मला खात्रीच होती. मग पुढच्या वेळी मी थांबणार कशावरून?"

इतका चांगला प्रश्न मला बऱ्याच काळात कोणी विचारला नव्हता. शंका आली की थांब, असं आपण वर्षानुवर्षं शिकवत आलो. या इजेची अडचण अशी की ती करणाऱ्याला शंका येत नाही. चुकीची खात्री आणि बरोबर खात्री आतून सारखीच वाटते. म्हणून थांबणं शंकेवर सोडता येत नाही. ते एका ठरलेल्या जागी, सगळ्यांसाठी, सोप्यातल्या सोप्या पित्ताशयातसुद्धा, सक्तीचं करावं लागतं.

शनिवारी आम्ही व्हिडिओ बघत बसलो तेव्हा त्याच्या प्रश्नातूनच हे ठरलं. कोणतीही नळी कापण्याआधी किंवा क्लिप मागण्याआधी हत्यारं थांबवायची आणि कॅमेरा पूर्ण मागे घ्यायचा. जवळून बघताना दिशा हरवते, मागे आल्यावर ती परत मिळते. यकृताच्या खालच्या बाजूला एक खाच असते, तिला रुव्हिएरची खाच म्हणतात. ती बहुतेकांत दिसते. तिथून यकृताच्या चौथ्या भागाच्या पायथ्यापर्यंत मनात रेष ओढायची आणि आपलं काम त्या रेषेच्या वर आहे ना ते बघायचं. व्हिडिओ थांबवून त्यानेच स्क्रीनवर बोट फिरवून ही रेष दाखवली. कात्री तिच्या बरीच खाली होती. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "हे तर लांबूनसुद्धा दिसतंय." कॅमेरा मागे घ्यायचा तो याचसाठी.

त्यानंतर पाउच आधी खाली-उजवीकडे ओढून त्रिकोण पुढून दाखवायचा, मग तोच पाउच डावीकडे उलटून मागून दाखवायचा. दोन्हीकडून पाहिलं की दोनच रचना पित्ताशयात जाताना दिसायला हव्यात, आणि त्यांच्यामधून पलीकडचं यकृत दिसायला हवं. हे बोलून दाखवायचं काम ऑपरेशन करणाऱ्याचं नाही, कॅमेरा धरणाऱ्याचं. ज्याचा हात नळीवर नाही त्याच्या डोळ्यांनी अजून काही ठरवलेलं नसतं. दुसऱ्या वर्षाच्या त्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली की तिला ती नळी जाड वाटली होती, पण दादाला माहीत असेल म्हणून ती बोलली नाही. तिलाही त्या शनिवारी बोलावलं होतं याचं मला समाधान आहे. टेबलावर ज्युनिअरचं बोलणं हा आता आमच्या पद्धतीचा भाग आहे, त्याच्या धाडसावर ते सोडलेलं नाही. सिस्टरही हे ऐकल्याशिवाय क्लिप हातात देत नाहीत. वरिष्ठ टेबलावरून गेले तर चिकटलेले भाग सोडवण्यापलीकडे त्रिकोणात काम करायचं नाही, हा नियम लेक्चररनी स्वतः लिहून भिंतीवर लावला.

मंगळवारचं पित्ताशय सोपं होतं. तरीही त्रिकोणापाशी आल्यावर त्याच्या हाताचा कंप स्क्रीनवर दिसत होता. मी काही बोलले नाही, फक्त पाउच योग्य दिशेला धरून ठेवला. पुढून झालं, मागून झालं, मुलीने मोठ्याने सांगितलं, त्याने क्लिप मागितली. त्यापुढची काही पित्ताशयं मी किंवा लेक्चरर समोर उभे राहूनच झाली. विश्वास आहे असं लिहिलं म्हणजे लगेच एकटं सोडायचं, असा त्याचा अर्थ होत नाही.

खरी परीक्षा काही महिन्यांनी आली. सूज आलेलं, जाड, दगडासारखं पित्ताशय, आणि पाउच पुन्हा तसाच चिकटलेला. अर्धा तास काम करूनही मागची बाजू सुटी होईना. त्याने निरोप पाठवला, "क्रिटिकल व्ह्यू मिळत नाही, आणि मिळेल असं वाटत नाही." मी आत गेले तेव्हा कात्री त्याच्या हातात नव्हती. काय करायचं म्हणतोस, असं विचारलं. पोट उघडूया असं तो म्हणेल अशी माझी अपेक्षा होती. तो म्हणाला, "मॅडम, उघडलं तरी त्रिकोण तितकाच गोठलेला असेल, आणि ओपन पित्ताशयं मी फार थोडी पाहिलीत. सबटोटल करूया." हे अगदी बरोबर होतं. आजच्या रेसिडेंटने उघड्या पोटातून पित्ताशय क्वचितच काढलेलं असतं, त्यामुळे पोट उघडणं म्हणजे आपोआप सुरक्षित, हे आता खरं राहिलेलं नाही. सबटोटल म्हणजे पित्ताशयाचा काही भाग आतच ठेवणं. आम्ही त्रिकोणाला हात न लावता पित्ताशय वरून उघडलं, खडे काढले, नळीच्या तोंडाशी चिकटलेला भिंतीचा भाग तसाच ठेवला आणि ड्रेन ठेवला. अशा शस्त्रक्रियेत ड्रेनमधून काही दिवस पित्त येऊ शकतं, ते या रुग्णालाही आलं आणि आपोआप थांबलं. नातेवाइकांना हे आधीच सांगितलेलं होतं, आणि सांगितलं ते त्यानेच.

त्या बाईंची टी-ट्यूब डायचा फोटो नीट आल्यावर काढली. त्या अजून तपासणीला येतात. रक्तातलं अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलं की नलिका आकसू लागल्याची शंका घ्यायची आणि एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, करायची, असं त्यांच्या केसपेपरवर पहिल्याच पानावर लिहिलं आहे. आतापर्यंत ते वाढलेलं नाही. हा मुलगा एमएस होऊन आता दुसऱ्या जिल्ह्यात आहे. त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट आला की मी त्याला अजून कळवते, नाव न लिहिता, फक्त आकडा.